साडेआठ हजार फॉलोअर्स आणि दोन पानांचे मीडिया किट

मेकअपवर मराठीतून रील करणाऱ्या आणि आठ-नऊ हजार फॉलोअर्सच्या आसपास रेंगाळलेल्या आमच्यासारख्यांची मीडिया किट्स, म्हणजे ब्रँडकडे काम मागताना पाठवायची ओळखपत्रे, बहुतेक वेळा एकसारखी दिसतात. वर गुलाबी पट्टी, मधोमध मोठा फोटो, त्याखाली सौंदर्याची आवड लहानपणापासून कशी आहे याचा परिच्छेद आणि मग ठळक अक्षरांत फॉलोअर्सचा आकडा. हा आकडाच आपला सर्वांत दुबळा दुवा आहे हे ठाऊक असूनही आपण तो सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतो, कारण मोठ्या क्रिएटरांच्या किटमध्ये तो तसाच असतो. साडेआठ हजार हा आकडा पहिल्या ओळीत वाचणारा माणूस पुढचे सगळे त्या आकड्याच्या उजेडात वाचतो, किंवा वाचतच नाही. माझ्या मते लहान क्रिएटरने किटची सुरुवात स्वतःपासून करूच नये. ज्या ब्रँडला ते पाठवायचे आहे, त्याच्या ग्राहकांच्या मनात कोणता प्रश्न अडकला आहे आणि आपण तो सोडवतो का, येथून सुरुवात करावी.

माझे खाते लिपस्टिक आणि बेस मेकअपचे आहे आणि पाहणाऱ्या बहुतेक जणी गव्हाळ ते सावळ्या रंगाच्या, नोकरी करणाऱ्या, कोल्हापूर-सांगली-पुण्याकडच्या. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका लहान कंपनीने न्यूड लिपस्टिकच्या सहा शेड्स बाजारात आणल्या. त्यांचे संकेतस्थळ मी पाहिले तेव्हा प्रत्येक शेड हाताच्या आतल्या बाजूला ओढून दाखवलेली होती आणि मॉडेल तिन्ही गोऱ्याच होत्या. खाली ग्राहकांचे अभिप्राय होते. त्यांत ‘माझ्या ओठांवर राखाडी दिसली’, ‘फोटोत तपकिरी होती, प्रत्यक्षात खडूसारखी’, ‘सावळ्या रंगावर कोणती घ्यावी?’ अशा नोंदी पुनःपुन्हा येत होत्या आणि शेवटच्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिलेले नव्हते. माझा प्रस्ताव खरे तर त्याच वेळी तयार झाला. किट आणि ईमेल ही नंतरची मांडणी होती.

या तक्रारीमागचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. न्यूड शेड फिकी करण्यासाठी तिच्यात पांढरे रंगद्रव्य, सहसा टायटॅनियम डायऑक्साइड, बऱ्यापैकी घातलेले असते. गोऱ्या त्वचेवर ते खपून जाते. ज्यांचे ओठ मुळात गडद आणि कडेला अधिकच गडद असतात, त्यांच्या ओठांवर तीच शेड ओठांच्या स्वतःच्या रंगापेक्षा फिकी पडते आणि वर राखेचा थर दिल्यासारखी दिसते. हाताच्या आतल्या, तुलनेने उजळ कातडीवर ओढून दाखवलेला नमुना, म्हणजे स्वॉच, हे कधीच सांगत नाही. त्यात भर फोनची. समोर सावळा चेहरा आला की कॅमेरा स्वतःहून उजेड वाढवतो आणि चेहऱ्याबरोबर शेडही उजळते. म्हणून मी स्वॉच ओठांवरच घेते, सकाळी खिडकीच्या उजेडात, एक्स्पोजर लॉक करून आणि चौकटीच्या कोपऱ्यात पांढरा कागद ठेवून. तो कागद निळसर किंवा पिवळसर दिसला तर ते चित्रण वापरायचे नाही. फिल्टर अर्थातच नाही. एवढी पद्धत किटमध्ये तीन ओळींत लिहिली की वाचणाऱ्याला आपल्या कामाचा दर्जा कळतो. त्यासाठी ‘दर्जेदार’ हा शब्द वापरावा लागत नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण किटमध्ये सर्वाधिक खोटेपणा येथेच शिरतो, आणि तोही बरेचदा नकळत. माझ्या त्या वेळच्या शेवटच्या दहा रीलचे व्ह्यूज चढत्या क्रमाने असे होते: 3,100, 3,800, 4,200, 4,900, 5,300, 5,700, 6,400, 7,200, 9,400 आणि शेवटचा 1,84,000. हा शेवटचा रील हळदीच्या दिवशी डोळ्यांचा मेकअप कसा टिकवावा यावर होता आणि तो कोणत्याशा वाऱ्यावर स्वार होऊन देशभर फिरला. या दहांची सरासरी 23,400 येते. ती गणिताने बरोबर आहे आणि तरीही दिशाभूल करणारी आहे, कारण दहापैकी नऊ रील तिच्या निम्म्यालाही पोचलेले नाहीत. मधल्या दोन आकड्यांच्या मध्यावर येणारा 5,500 हा मध्यक मात्र खरे सांगतो: माझ्याकडून रील करून घेतला तर साधारण एवढे अपेक्षित धरा. मी किटमध्ये मध्यकच लिहिला आणि हळदीच्या रीलचा उल्लेख अपवाद म्हणून वेगळा केला. ब्रँडकडचा माणूस किट वाचून झाल्यावर प्रोफाइल उघडतोच. तेथे दोन मिनिटे स्क्रोल केले की 23,400 चा दावा उघडा पडतो आणि मग उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

व्ह्यूजपेक्षाही लहान खात्याला उपयोगी पडतात ते सेव्ह. लाइक हा बहुधा स्नेहाचा हुंकार असतो. सेव्ह म्हणजे दुकानात उभे असताना पुन्हा पाहण्यासाठी ठेवलेली चिठ्ठी. माझा शेड्सवरचा एक नेहमीसारखा रील 4,600 खात्यांपर्यंत पोचला होता आणि 130 जणींनी तो सेव्ह केला होता, म्हणजे दर हजारी साधारण 28. त्याच काळात मी एक गमतीचा रील केला होता. त्याला लाइक दुप्पट होते आणि सेव्ह जवळजवळ नव्हतेच. हे दोन्ही रील मी किटमध्ये शेजारी-शेजारी ठेवले. लिपस्टिक विकणाऱ्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एन्गेजमेंटचा, म्हणजे लाइक, कॉमेंट, सेव्ह अशा प्रतिसादाचा टक्का काढायचाच असेल तर तो कशाने भागून काढला, फॉलोअर्सनी की रीचने, म्हणजे रील जितक्या खात्यांपर्यंत पोचला त्या संख्येने, हे खाली लिहून टाकावे. दोन्ही पद्धती चालतात, पण उत्तरे फार वेगळी येतात आणि न सांगितलेला टक्का म्हणजे अर्धे वाक्य.

माझे किट दोन पानांचे आहे आणि उभ्या पानाचे आहे, कारण ते जवळजवळ नेहमीच फोनवर उघडले जाते आणि आडव्या पानावरची अक्षरे तेथे मुंगीएवढी होतात. पहिल्या पानावर एक वाक्य आहे: गव्हाळ आणि सावळ्या रंगावर मेकअपच्या शेड्स प्रत्यक्षात कशा दिसतात, हे मराठीतून दाखवणारे खाते. त्याखाली पाहणाऱ्या कोण याची माहिती, म्हणजे स्त्रिया 88 टक्के, 25 ते 34 वयोगट 47 टक्के आणि पहिली चार शहरे कोल्हापूर, पुणे, सांगली, मुंबई. हे सगळे इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये मिळते. मी त्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जोडते आणि दर तीन महिन्यांनी बदलते. वर्षापूर्वीचा स्क्रीनशॉट जोडण्यापेक्षा न जोडलेला बरा. दुसऱ्या पानावर दहा रीलचा मध्यक, सेव्हचा हिशेब, तीन कामांच्या लिंक, चित्रणाची पद्धत आणि मी काय करून देते याची छोटी यादी. फॉलोअर्सचा आकडा आहे, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी, साध्या अक्षरांत. आधीच्या ब्रँडचे लोगो माझ्याकडे नव्हते. अशा वेळी विकत घेतलेल्या वस्तूंचे आपणहून केलेले रील नमुना म्हणून चालतात, फक्त ते काम सशुल्क होते असा भास होऊ देऊ नये.

दर मात्र किटमध्ये छापू नयेत, असे माझे मत आहे. कारण लपवाछपवीचे नाही. एकाच रीलची किंमत त्याचा पुढे काय वापर होणार यावर ठरते आणि ते किट करताना माहीत नसते. याकडे पुढे येतेच.

ईमेल कोणाला पाठवायचे हा प्रश्न किटपेक्षा अधिक छळतो. खोक्यावर छापलेला ग्राहकसेवेचा पत्ता कायद्याने द्यावाच लागतो, पण त्यावर आलेले प्रस्ताव तक्रारींच्या ढिगात जातात. तरी त्या खोक्यावरून एक गोष्ट नक्की मिळते, ती म्हणजे कंपनीचे खरे नाव, जे ब्रँडच्या नावापेक्षा अनेकदा वेगळे असते. त्या नावाने लिंक्डइनवर शोधले की मार्केटिंग सांभाळणारी व्यक्ती सापडते. न सापडल्यास इन्स्टाग्रामवर ब्रँडला एकच ओळ लिहावी की क्रिएटर कोलॅबचे काम कोण पाहते आणि त्यांचा ईमेल मिळेल का. तेथेच किट चिकटवू नये. इकडून उत्तर येण्याचे प्रमाण मला तरी बरे वाटले, कारण एका ओळीच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणालाही जड जात नाही.

या कंपनीत मालकीणबाईच सगळे पाहत होत्या आणि त्या मराठी होत्या, म्हणून ईमेल मराठीतच लिहिले. विषयाच्या ओळीत ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द टाळला, कारण त्यांच्या इनबॉक्समध्ये त्या शब्दाची रांगच असणार. ईमेल असे होते:

विषय: सावळ्या ओठांवर तुमच्या सहा न्यूड शेड्स – एका रीलचा प्रस्ताव

‘नमस्कार मॅडम, आपल्या न्यूड मालिकेखालच्या अभिप्रायांत सावळ्या रंगावर कोणती शेड घ्यावी हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर पानावर दिसत नाही. मी यांपैकी दोन शेड्स विकत घेऊन वापरल्या. गडद शेड सावळ्या ओठांवर सुंदर बसते. फिकी शेड लिप लायनर न लावता राखाडी दिसते, लावल्यावर दिसत नाही. सहाही शेड्स खिडकीच्या उजेडात, फिल्टर न वापरता, प्रत्यक्ष ओठांवर दाखवणारा साठ सेकंदांचा मराठी रील मी करू इच्छिते. माझ्या शेड्सवरच्या अशाच एका रीलची लिंक आणि दोन पानांचे किट सोबत आहे. लग्नसराईच्या आधी, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, तो यावा असा विचार आहे. आपल्याला रस असल्यास दर आणि तपशील कळवते.’

यात मी ब्रँडवर किती प्रेम करते याचा उल्लेख नाही. उलट एका शेडची उणीव सांगितली आहे. काही मैत्रिणींना हे उद्धटपणाचे वाटले. पण वस्तू खरोखर वापरल्याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही आणि उणिवेबरोबर उपायही दिला होता. वेळेचा उल्लेखही हेतुपूर्वक होता. दिवाळीचे खर्च बहुतेक ठिकाणी गणपतीच्या आधीच ठरून जातात. दिवाळीच्या तोंडावर दिवाळीचा प्रस्ताव पाठवणे म्हणजे वरात गेल्यावर अक्षता शोधणे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी मात्र सप्टेंबरात जागा असते. उत्तर न आल्यास मी आठवड्याभराने एकदाच आठवण करते, तीही नवीन काहीतरी जोडून, जसे त्याच विषयावर आलेली एखादी नवी कॉमेंट. त्यानंतर तो विषय सोडते.

त्यांचे उत्तर आठवणीच्या ईमेलनंतर आले आणि अपेक्षेप्रमाणे बार्टरचे आले: सहा लिपस्टिक पाठवतो, रील करा. सहा लिपस्टिकची छापील किंमत तीन हजारांच्या आत होती. बार्टर सरसकट वाईट असे मी मानत नाही. ज्या वस्तूवर आपण तसेही काम करणार होतो आणि जिच्यातून किटमध्ये ठेवण्याजोगा नमुना मिळतो, तिथे तो स्वीकारता येतो. परंतु मग बदल्यात एक रील एवढेच द्यावे. मजकूर मंजुरीसाठी पाठवणे, बदल करून देणे आणि तो जाहिरातीत वापरू देणे हे त्यात बसत नाही. करभरण्याच्या दृष्टीने फुकट आलेली वस्तूही उत्पन्नच धरली जाते; 1 जुलै 2022 पासून एका ब्रँडकडून वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या, तर ब्रँडला त्यावर दहा टक्के टीडीएस पाहावा लागतो. लिपस्टिकवाल्यांना याची झळ क्वचितच बसते, पण केसांची महागडी यंत्रे पाठवणाऱ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावे. पदरचे पैसे भरून सवलतीत वस्तू घ्या आणि आमच्या ‘ॲम्बॅसडर’ व्हा, असे जे मेसेज येतात, ते बार्टर नाही. ती आपल्यालाच केलेली विक्री आहे.

मी त्यांना दर कळवला आणि तो कसा आला तेही सांगितले. सहा शेड्स लावणे, पुसणे आणि प्रत्येक वेळी ओठ शांत होऊ देणे यात चित्रणाचे चार तास जातात, संकलन आणि आवाज यांना चार, लेखन आणि पत्रव्यवहार यांना दोन. दहा तासांचे साडेतीनशेप्रमाणे साडेतीन हजार आणि किरकोळ खर्चाचे पाचशे, असे चार हजार रुपये. यात माझ्या खात्यावर एक रील आणि एकदा बदल. हा दर कोणत्या कोष्टकातून आलेला नाही. फॉलोअर्समागे अमुक पैसे अशी जी सूत्रे फिरतात, ती लहान खात्याला नेहमी श्रमापेक्षा कमी पैसे मिळवून देतात, कारण सहा वेळा ओठ पुसायला दोन लाख फॉलोअर्सवालीलाही तेवढाच वेळ लागतो.

कराराचा मसुदा आला तेव्हा खरी अडचण समोर आली. त्यात एक वाक्य होते की तयार झालेले चित्रण कंपनी सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी आणि जगभर वापरू शकेल. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. कुठून तरी घेतलेला नमुना मसुदा होता. तरीही अर्थ असा होतो की पाच वर्षांनी माझा चेहरा एखाद्या फलकावर दिसला तरी मला काही मागता येणार नाही. मी प्रत्युत्तरात तीन गोष्टी वेगळ्या केल्या. रील माझ्या खात्यावर राहील आणि कोलॅब पोस्ट म्हणून त्यांच्याही प्रोफाइलवर दिसेल, हे चार हजारांत. तो पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायचा असल्यास महिन्याला बाराशे रुपये. संकेतस्थळावर शेडच्या शेजारी ओठांचे फोटो ठेवायचे असल्यास सहा महिन्यांचे दीड हजार. मला वाटले होते त्या जाहिरात घेतील. त्यांनी संकेतस्थळाचे फोटो घेतले आणि विचार केल्यावर ते सयुक्तिक वाटले, कारण अभिप्रायांतला तो प्रश्न नेमका तेथेच विचारला जात होता. महिनाभर दुसऱ्या कोणाची न्यूड लिपस्टिक दाखवायची नाही हे मी मान्य केले; त्यांनी आधी तीन महिने आणि ‘सर्व सौंदर्यप्रसाधने’ असे लिहिले होते, जे मान्य केले असते तर मला काजळसुद्धा दाखवता आले नसते.

मजकुरात दोन जागी ताणाताणी झाली. त्यांना रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द नको होता, नुसते आभार मानले तर चालेल का असे विचारले. चालत नाही. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे 2021 चे नियम आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची 2023 ची मार्गदर्शिका दोन्ही सांगतात की पैसे किंवा फुकट वस्तू यांपैकी काहीही मिळाले असल्यास ते ठळकपणे आणि सहज समजेल असे सांगायचे. हॅशटॅगांच्या शेपटीत दडवायचे नाही. मराठी रीलवर ते मराठीतच असणे स्वाभाविक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड ब्रँडइतकाच क्रिएटरलाही होऊ शकतो, पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, हे कळवल्यावर विषय मिटला. दुसरी जागा त्यांनी सुचवलेल्या पहिल्या वाक्याची होती: ‘सावळी आहे म्हणून न्यूड शेड शोभत नाही, असं वाटतं ना?’ वरवर निरुपद्रवी वाटणारे हे वाक्य सावळेपणालाच अडचण ठरवते. मी ते बदलून ‘न्यूड शेड राखाडी दिसते, कारण तिच्यात पांढरा रंग जास्त असतो’ असे केले. दोष चेहऱ्यावरून ट्यूबवर गेला आणि तो त्यांनी मान्य केला, याचे मला आजही कौतुक आहे.

अर्धी रक्कम आधी, अर्धी रील आल्यापासून पंधरा दिवसांत, असे ठरले होते. दुसरा हप्ता उशिरा आला, कारण त्यांच्या हिशेबनिसाला इनव्हॉइसवर पॅन क्रमांक आणि कामाचा नीट तपशील हवा होता. तेव्हापासून तो आधीच लिहिते.

रीलला पहिल्या सात दिवसांत 6,100 व्ह्यूज आले, म्हणजे मध्यकापेक्षा थोडेसेच जास्त. सेव्ह मात्र 5,000 रीचला 205 होते, दर हजारी 41. मी सातव्या आणि तिसाव्या दिवशी एक पानाचा अहवाल पाठवला. त्यात स्क्रीनशॉट होते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉमेंट्समधले प्रश्न विषयवार लावून दिले होते. सर्वांत जास्त विचारणा लिप लायनरची होती आणि तो त्या कंपनीकडे नव्हता. बाईंनी दोन दिवसांनी फोन करून विचारले की लायनर काढायचा झाला तर कोणते दोन रंग आधी काढावेत. मी सांगितले की कॉमेंट्सवरून दोन रंग सुचवता येतील, पण नमुने ओठांवर लावून पाहण्याचे काम वेगळे आहे आणि त्याचा दर ईमेलने कळवते. तो कळवला आहे, किटच्या नव्या आवृत्तीसह, ज्यात त्यांच्या रीलचे पान त्यांच्या परवानगीने आता पहिले आहे.